किराणा दुकानासाठी कापडी पिशवी: कापड, बेत आणि किमतीचा हिशेब

प्रश्न: आमचा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दहा बायकांचा स्त्रीशक्ती गट आहे. चार शिलाई मशीन आहेत. गावातल्या आणि खानापूर बाजारातल्या दुकानदारांना प्लॅस्टिकऐवजी पिशव्या शिवून द्यायचा विचार आहे. कापडी, कागदी आणि तागाच्या अशा तिन्ही कराव्यात का? आणि दुकानदार म्हणतात की दोन रुपयांच्या वर पिशवी परवडत नाही, मग दर काय लावायचा?

उत्तर:

ताई, सुरुवातीला एकच पिशवी निवडा, एकाच मापाची, किराणा दुकानासाठी. कापड मांजरपाट घ्या. कागदी पिशव्या मोकळ्या वेळचे काम म्हणून ठेवा, आणि तागाच्या पिशव्या आगाऊ रक्कम देऊन कोणी मागणी नोंदवली तरच करा. दोन रुपयांत कापडी पिशवी होणार नाही, हे दुकानदारालाही ठाऊक असते. म्हणून दर कमी करण्याच्या मागे न लागता पिशवीचे पैसे कोणी आणि कसे द्यायचे याची व्यवस्था बदलावी लागते. ती व्यवस्था पुढे सांगते, पण आधी पिशवी नीट झाली पाहिजे, कारण दोन महिन्यांत बंद तुटलेली पिशवी परत घेऊन येणारे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पिशवी विकत घेत नाही.

कापड घेताना बहुतेक गट हाताला जाड लागते ते उचलतात, आणि फसगत तिथेच होते. मागावरून येणाऱ्या कोऱ्या कापडाला खळ असते. स्वस्त मांजरपाटात ही खळ इतकी भरलेली असते की कापड दणकट वाटते आणि पहिल्या धुण्यात त्याची जाळी होते. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. कापडाचा पन्नास सेंटीमीटर लांब आणि पन्नास सेंटीमीटर रुंद तुकडा कापा, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचे वजन करा आणि आलेल्या ग्रॅमला चारने गुणा. व्यापारी ज्याला जीएसएम म्हणतात, तो आकडा हाच, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे वजन. मग तोच तुकडा गरम पाण्यात साबण घालून चोळून धुवा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा तोला. आधी ४५ ग्रॅम भरलेला तुकडा धुतल्यावर ४० भरला, तर कापड १८० जीएसएमचे म्हणून विकले जात असले तरी त्यातले खरे सूत १६० चे आहे. किराण्याच्या पिशवीला धुतल्यानंतर १५० च्या आसपास भरणारे कापड पुरते. १२० च्या खाली गेलात तर पाच किलो तांदळाने शिवणीजवळचे धागे सरकू लागतात. त्याच वेळी वाळलेल्या तुकड्याची लांबी आणि रुंदीही मोजा. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात शंभरास पाच-सहा या प्रमाणात आटणे नेहमीचेच आहे. त्याहून जास्त आटणारे कापड घेऊ नका, आणि पिशवीचे माप गिऱ्हाइकाला सांगताना आटल्यानंतरचे सांगा.

दुसरी परीक्षा जाळून पाहण्याची. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या यंत्रमागांवरून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात आणि घरोघरी जुन्या साड्याही असतात, पण त्यांतल्या बऱ्याचशा पॉलिएस्टरच्या किंवा मिश्र धाग्याच्या असतात. कापडाच्या कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि टोकाला काळी, कडक गुठळी राहते. जुन्या साडीची पिशवी करण्यात काही गैर नाही, कारण ते कापड आधीच तयार झालेले आहे, मात्र ती सुती म्हणून विकू नये. बाजारात ‘कापडी’ म्हणून चार-सहा रुपयांना मिळणारी, ताणा-बाणा नसलेली, दाबून जोडलेल्या तंतूंची रंगीत पिशवी मात्र पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. दुकानदार तुमच्या दराची तुलना तिच्याशीच करणार, म्हणून तिचा एक तुकडा जवळ ठेवा आणि त्याच्यासमोर जाळून दाखवा. कर्नाटकात २०१६ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि केंद्राच्या नियमानुसारही ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. वितळून गुठळी झालेला तुकडा पाहिल्यावर दुकानदाराला वेगळे काही समजवावे लागत नाही.

आता बेत. कापडाचा पन्हा अठ्ठेचाळीस इंच असेल तर एक वाटणी अशी आहे की जवळजवळ काहीच वाया जात नाही, आणि सगळा हिशेब तिच्यावर उभा राहतो. ताग्यातून अठ्ठेचाळीस इंच लांबी मोजा, म्हणजे समोर चौरस तुकडा येईल. त्याच्या लांबीतले छत्तीस इंच पिशव्यांसाठी आणि उरलेले बारा इंच बंदांसाठी. छत्तीस इंचांच्या भागाचे पन्ह्यावर सोळा-सोळा इंचांचे तीन भाग करा. सोळा बाय छत्तीसचा प्रत्येक तुकडा ही एक पिशवी. तो मधोमध दुमडला की बुडाला शिवण येतच नाही, आणि वजन नेमके बुडावरच पडते. उरलेल्या बारा इंचांतून चार-चार इंच रुंदीच्या तीन आडव्या पट्ट्या निघतात. प्रत्येक अठ्ठेचाळीस इंची पट्टीचे दोन तुकडे केले की चोवीस इंचांचे दोन बंद, म्हणजे एका पिशवीची जोडी. चौरस तुकड्यातून तीन पिशव्या पुऱ्या, बंदांसकट. कापणाऱ्या बाईने आधी पन्हा मोजावा, कारण अठ्ठेचाळीस म्हणून विकलेला पन्हा पुष्कळदा सत्तेचाळीसच भरतो. तसे असेल तर पिशवीची रुंदी पाऊण-अर्धा इंच कमी धरून तिन्ही भाग सारखे ठेवा. पुठ्ठ्याचा साचा करून घेतला म्हणजे कापडाचे आठ-दहा थर एकावर एक ठेवून कापता येतात आणि माप सरकत नाही.

शिवताना दोन्ही बाजूंना फ्रेंच शिवण घाला. आधी कापडाची उलटी बाजू आत ठेवून काठापासून पाव इंचावर टीप मारायची, दोरे कापून पिशवी उलटवायची, आणि मग अर्ध्या इंचावर दुसरी टीप मारायची. कच्चा काठ शिवणीच्या आत कोंडला जातो, ओव्हरलॉक मशीन लागत नाही, आणि धान्याच्या कणांबरोबर दोरे निघत नाहीत. दोन्ही बाजूंना मिळून दीड इंच जातो, म्हणून सोळाची पिशवी तयार झाल्यावर साडेचौदा इंच रुंद होते. वरच्या तोंडाला आधी अर्धा इंच आणि मग दीड इंच अशी दुमड घाला. प्रत्येक बाजूचे दोन इंच त्यात जातात आणि पिशवीची उंची सोळा इंच राहते. बंदाची चार इंची पट्टी दोन्ही काठ मध्यावर आणून पुन्हा दुमडली की चार थरांचा एक इंच रुंद बंद होतो. त्याच्या दोन्ही कडांना टीप मारा. एकाच कडेला मारली तर बंद पिळतो आणि हाताला कापतो.

पिशवी कुठे तुटते ते सांगते, कारण तपासणी तिथेच करायची आहे. दहांतल्या नऊ पिशव्या बंदाच्या मुळाशी जातात. बंदाचे टोक दुमडीच्या आत दीड इंच घाला, त्यावर चौकोनी टीप मारा आणि चौकोनात फुली काढा, प्रत्येक टोकाला सुरुवातीला आणि शेवटी उलट टीप द्या. बंद बाजूच्या शिवणीपासून साधारण चार इंच आत असावा. तो फार काठाला लावला तर सारा ताण शिवणीवर येतो. टीप इंचाला आठ ते दहा टाक्यांची ठेवा. पुष्कळ बायकांना बारीक टीप म्हणजे पक्की टीप असे वाटते, पण बारा-चौदा टाके एका इंचात आले की सुई कापडाला भोके पाडून ओळ कमकुवत करते, आणि ताण आला की कापड तिकीट फाटावे तसे त्या ओळीवरून फाटते. प्रत्येक ताग्याच्या पहिल्या पिशवीत दहा किलो तांदूळ भरून ती रात्रभर खुंटीला टांगा, आणि सकाळी बंद धरून जोरात हिसके द्या. दोरा तुटला तर दोरा बदला. दोरा शाबूत राहून टाक्यांची भोके लांबट झाली, तर कापड पातळ आहे, आणि तो तागा किराण्यासाठी वापरू नका. त्याच्या भाजीच्या लहान पिशव्या होतील.

आता दराचा हिशेब. पुढचे आकडे मी गणितासाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या बाजारातले भाव घालून तेच गणित करा. शंभर पिशव्यांना ४१ मीटरच्या आत कापड लागते. टोकाचा वाया जाणारा तुकडा धरून ४२ मीटर घेऊ. मीटरला ५० रुपये भाव धरला तर २,१०० रुपये होतात, म्हणजे पिशवीला २१. मशीनवर एका पिशवीला पंधरा मिनिटे आणि कापणे, इस्त्री, दोरे काढणे, तपासणे यांना मिळून पाच मिनिटे, अशी वीस मिनिटे जातात. तासाला ५० रुपये मजुरी धरली तर पिशवीला १७ रुपये. दोऱ्याचा १ रुपया, छपाईचे २, सुया, वीज आणि दुरुस्तीसाठी १, वाहतूक आणि बिघडलेल्या नगांसाठी २. बेरीज ४४ रुपये होते. ५० रुपये दर ठेवला तर गटाच्या निधीत पिशवीमागे ६ रुपये पडतात. चार मशीन रोज चार तास चालल्या तर साठ पिशव्यांचे काम होते. यातले मजुरीचे १७ रुपये कमी करून दर खाली आणायचा मोह होतो आणि दुकानदारही त्यासाठीच घासाघीस करतो. तो मान्य करू नका. मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत ज्या गटांबरोबर काम केले, त्यांतले बंद पडलेले गट मागणी नसल्यामुळे बंद पडलेले नाहीत. तासाला वीस-पंचवीस रुपयेच हाती पडू लागले, तेव्हा चांगल्या शिवणाऱ्या बायका शेतमजुरीला परत गेल्या, आणि तसे त्यांनी करणे योग्यच होते.

म्हणजे दुकानदाराच्या दोन रुपयांत आणि तुमच्या पन्नासांत अंतर आहेच. ते भरून काढायचा माझ्या पाहण्यातला टिकणारा मार्ग एकच, तो अनामतीचा. दुकानदाराने पिशवी फुकट द्यायची नाही आणि स्वतःच्या नफ्यातूनही द्यायची नाही. ज्याने पिशवी आणलेली नाही त्या गिऱ्हाइकाने ५० रुपये भरून पिशवी न्यायची, आणि स्वच्छ, न फाटलेली पिशवी परत केली की ४५ रुपये परत घ्यायचे. मधल्या ५ रुपयांतले ४ गटाला आणि १ दुकानदाराला. गटाने आठवड्यातून एकदा दुकानातून परत आलेल्या पिशव्या उचलायच्या, धुवायच्या, उसवलेली टीप पुन्हा मारायची आणि इस्त्री करून परत द्यायच्या.

या पद्धतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अनामतीच्या रकमेची आहे. गिऱ्हाइकाला जड जाऊ नये म्हणून ती २० रुपये ठेवावी असे दुकानदार सुचवतात. पण मग जी पिशवी परत येत नाही तिच्यामागे गटाचे उत्पादनखर्चातलेच २४ रुपये बुडतात, आणि सुरुवातीला पुष्कळ पिशव्या परत येतच नाहीत, त्या घरी राहतात. अनामत पूर्ण किमतीइतकी असेल तर घरी राहिलेली पिशवी म्हणजे झालेली विक्री आणि परत आलेली पिशवी म्हणजे पुढच्या फेरीचे चार रुपये. कोणत्याही बाजूने गटाचे नुकसान होत नाही. म्हणूनच गिऱ्हाइकाने पिशवी ठेवून घेतली आणि पुढच्या वेळी तीच घेऊन आले, तर दुकानदाराने नाराज होऊ नये असे त्याला आधीच सांगून ठेवा. हवे आहे ते नेमके तेच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला एक बाजार धरला तर ही अडीच वर्षे होतात. बंदाच्या मुळाशी काढलेल्या फुलीवर मी एवढा जोर दिला तो यासाठीच.

पहिल्या महिन्यात सगळ्या बाजारात फिरू नका. महिन्याची उधारीची वही चालवणारा एक किराणा दुकानदार गाठा. वहीतल्या गिऱ्हाइकांची नावे, घरे आणि महिन्याचा माल त्याला पाठ असतो. अशी तीस घरे निवडा, प्रत्येकी दोन पिशव्या धरून साठ पिशव्या द्या, आणि अनामत वहीतच त्या गिऱ्हाइकाच्या नावावर लिहायला सांगा. रोख मागितली की कुरकुर होते, तशी वहीत मांडल्यावर होत नाही. दुकानदाराकडून साठांपैकी निम्म्या पिशव्यांचे पैसे आधी घ्या. त्याने पैसे गुंतवलेले नसले तर पिशव्या माळ्यावर पडून राहतात आणि काउंटरखालची जुनी पिशवी पुन्हा बाहेर येते. पिशवीवर दुकानाचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये छापून द्या, आपल्याकडे दोन्ही वाचणारी गिऱ्हाइके आहेत आणि स्वतःचे नाव असलेल्या पिशवीसाठी दुकानदार दोन रुपये खळखळ न करता देतो. छपाई पाण्यात मिसळणाऱ्या पिगमेंट रंगाने एकरंगी करा, आणि रंग वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात अक्षरे पुसट होतात. रबरासारखा थर देणारी प्लॅस्टिसोल शाई टाळा, तिच्यात पीव्हीसी असते.

ही पिशवी काय करू शकत नाही तेही दुकानदाराला सांगावे लागेल. सुटी साखर, डाळ, रवा ज्या आतल्या पिशवीत बांधून मिळतात त्या प्लॅस्टिकच्या पिशवीची जागा ही पिशवी घेत नाही. तिथे कागदी पिशवीचा विचार मनात येतो, पण वर्तमानपत्राच्या रद्दीची पिशवी खाण्याच्या वस्तूला लावू नका. २०१८ च्या अन्न सुरक्षा पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली आहे, कारण शाईतले घटक विशेषतः गरम आणि तेलकट पदार्थांत उतरतात. भजी, चिवडा, फरसाण यांना ती पिशवी देणाऱ्या दुकानदाराला तुम्ही माल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रद्दीच्या पिशव्या औषधाची दुकाने, बांगड्यांची दुकाने, वह्या-पेन विकणारे यांच्यासाठी ठीक आहेत. त्यांचा डिंक म्हणून मैद्याची खळ वापरतात, आणि ती किडू नये म्हणून मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात आणि स्वयंपाकाच्या भांड्यात ती खळ शिजवू नका. खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर या पिशव्या वाळत नाहीत, जोडावर काळे ठिपके येतात आणि गठ्ठ्याला कुबट वास लागतो. म्हणून त्यांचा साठा उन्हाळ्यात करा आणि पावसाळ्यात कापडाचे काम करा. कागदी पिशव्यांची मजुरी फार कमी पडते, दुपारी बसल्या-बसल्या करायचे काम इतकेच तिच्याकडे पाहा.

तागाच्या पिशवीसाठी तुमच्या चार मशीन बहुधा पुरणार नाहीत. घरगुती मशीनवर जाड तागाच्या चार थरांतून सुई जाताना टाके सुटतात आणि सुया मोडतात. अठरा नंबरची सुई आणि जड कापड ओढणारी मशीन लागते. बाजारात मिळणारे ताठ तागाचे कापड बहुधा आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेले असते. कोपरा भिजवून सोलून पाहिलात तर तो पापुद्रा हाताला येतो. थर नसलेला ताग ओला झाला की कमजोर होतो आणि दमट जागी बुरशी धरतो. लग्नात आहेर म्हणून किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यक्रमाला पन्नास-शंभर पिशव्यांची मागणी आली, तर निम्मी रक्कम आधी घेऊन हे काम करा आणि जड मशीन त्या चार दिवसांपुरती भाड्याने आणा.

साठ पिशव्यांना २५ मीटर कापड पुरते, टोकांसाठी एक मीटर जास्त धरा. पूर्ण तागा उचलण्याआधी व्यापाऱ्याकडून एक मीटर कापड विकत आणा, धुण्याची आणि दहा किलोची परीक्षा त्यावर करा, आणि पसंत पडलेल्या कापडाचा तुकडा तारीख लिहून जपून ठेवा. पुढच्या वेळी त्याच भावात आलेला तागा त्या तुकड्याशेजारी ठेवून तोलून पाहिल्याशिवाय कापायला घेऊ नका.